ग्रीक मध्यम प्रयोग (नवा करार)

मध्यम प्रयोग हा ग्रीक क्रियापदाचा कर्तरी व कर्मणी यांव्यतिरिक्त असलेला तिसरा प्रयोग होय. प्राचीन ग्रीक वैयाकरण त्याला ‘मेसोतेस’ म्हणजे मधला असे म्हणत. या प्रयोगात कर्ता क्रिया करतो आणि त्याच क्रियेचा परिणाम, लाभ किंवा संबंध त्याच्यापर्यंत परत येतो. बायबलचा नवा करार ज्या कोइने ग्रीक भाषेत लिहिला गेला, तीत हा प्रयोग सर्रास आढळतो. काही वाक्यांत त्यामुळे क्रियेचा अर्थच बदलतो, तर काही वाक्यांत तो केवळ रूपापुरता उरतो. हा भेद ओळखणे भाषांतराच्या व अर्थनिर्णयाच्या दृष्टीने आवश्यक असते.

## संस्कृत व मराठीशी तुलना

संस्कृतातील आत्मनेपद हे ग्रीक मध्यम प्रयोगाचे सगोत्र रूप आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील १.३.७२ या सूत्रानुसार विशिष्ट धातूंच्या बाबतीत क्रियेचे फळ कर्त्याला मिळत असेल तर आत्मनेपद योजावे. पुरोहित यजमानासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजति’, आणि यजमान स्वतःसाठी करतो तेव्हा ‘यजते’, हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे.

मराठीत असे स्वतंत्र रूप नाही. तथापि ‘घेणे’ या सहायक क्रियापदाने पुष्कळदा तोच अर्थ व्यक्त होतो. ‘करून देणे’ यात फळ दुसऱ्याकडे जाते, तर ‘करून घेणे’ यात ते कर्त्याकडे येते. प्रेषितांची कृत्ये २२:१६ येथे पौलाला दिलेल्या आज्ञेत ‘बाप्तिसाइ’ हे मध्यम रूप आहे. बाप्तिस्मा देणारा दुसरा कोणी असला तरी तो स्वीकारण्याची कृती पौलाची आहे; म्हणून मराठीत ‘बाप्तिस्मा घे’ ही रचना येथे स्वाभाविक ठरते.

## रूपाची ओळख

वर्तमान, अपूर्ण भूत व पूर्ण या काळांत मध्यम आणि कर्मणी यांची रूपे एकसारखी असतात. तेथे संदर्भावरूनच निर्णय करावा लागतो. भविष्यकाळ व ‘आओरिस्त’ नावाचा सामान्य भूतकाळ यांत मात्र दोन्ही रूपे वेगळी होतात. कर्मणी रूपांत बहुधा ‘थे’ हा अंश दिसतो, मध्यम रूपांत तो नसतो. त्यामुळे मध्यम प्रयोगावर आधारलेला युक्तिवाद तपासताना प्रथम क्रियापदाचा काळ पाहिला जातो.

## अर्थ बदलणारी उदाहरणे

धुणे (निप्तो). योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. तेथे ‘निप्तेइन’ हे कर्तरी रूप आहे, कारण धुणारा एक व पाय दुसऱ्यांचे आहेत. त्याच प्रसंगात, १० व्या वचनात, स्नान केलेल्या माणसाला फक्त पाय धुण्याची गरज असते असे सांगताना ‘निप्सास्थाइ’ हे मध्यम रूप येते. तेथे पाय त्याचे स्वतःचे आहेत. योहान ९:७ मध्ये जन्मांध मनुष्य कुंडावर जाऊन स्वतःचे डोळे धुतो, आणि मत्तय २७:२४ मध्ये पिलात जमावासमोर स्वतःचे हात धुतो. दोन्ही ठिकाणी मध्यम रूप आहे. मराठीत हा भेद ‘आपले’ किंवा ‘स्वतःचे’ अशा शब्दांनी दाखवता येतो.

पेटवणे व स्पर्श करणे (हाप्तो). येथे प्रयोग बदलताच क्रियाच वेगळी होते. लूक ८:१६ मध्ये दिवा लावण्यासाठी ‘हाप्सास’ हे कर्तरी रूप आहे. त्याच अध्यायाच्या ४४ व्या वचनात रक्तस्रावाने पीडित स्त्री येशूच्या वस्त्राच्या काठाला शिवते, तेव्हा ‘हेप्सातो’ हे मध्यम रूप येते. मूळ अर्थ ‘एक वस्तू दुसरीला लावणे’ असा आहे. ज्योत वातीला लावली की दिवा पेटतो. कर्ता स्वतःलाच एखाद्या वस्तूशी लावतो तेव्हा स्पर्श होतो.

कापणे (आपोकोप्तो). गलतीकरांस पत्र ५:१२ मध्ये सुंतेचा आग्रह धरून मंडळीत गोंधळ माजवणाऱ्यांविषयी पौल ‘आपोकोप्सोन्ताइ’ हे भविष्यकाळी मध्यम रूप योजतो. काही जुन्या भाषांतरांनी ते कर्मणीसारखे घेऊन, अशा लोकांना मंडळीतून तोडले जावे असा सौम्य अर्थ दिला. मध्यम रूप लक्षात घेतल्यास त्यांनी स्वतःलाच कापून घ्यावे, म्हणजे खच्ची करून घ्यावे, असा बोचरा उपरोध दिसतो. सुंतेच्या संदर्भात हाच अर्थ अधिक जुळतो.

## वादग्रस्त उदाहरण : भाषांचे थांबणे

करिंथकरांस पहिले पत्र १३:८ मध्ये संदेश व ज्ञान नाहीसे होण्याविषयी कर्मणी रूप आहे, परंतु भाषांविषयी ‘पाउसोन्ताइ’ हे मध्यम रूप आहे. यावरून काही भाष्यकारांनी असा निष्कर्ष काढला की अन्य भाषांत बोलण्याचे दान आपोआप, कोणत्याही बाह्य कारणाविना संपणार होते आणि ते पहिल्या शतकानंतर संपले. हा प्रश्न महाराष्ट्रातील ख्रिस्ती इतिहासालाही स्पर्श करतो. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये सुरू झालेल्या धार्मिक जागृतीत अशा बोलण्याचे अनुभव नोंदवले गेले. वरील निष्कर्ष खरा मानल्यास ते अनुभव खरे दान ठरू शकत नाहीत.

मात्र व्याकरण या निष्कर्षाला पुरेसा आधार देत नाही. या धातूचे कर्तरी रूप ‘थांबवणे’ व मध्यम रूप ‘थांबणे’ असा अर्थ देते. पेत्राचे पहिले पत्र ३:१० मध्ये वाईट बोलण्यापासून जीभ आवरण्यासाठी कर्तरी रूप आहे. तेथे जीभ हे कर्म आहे. करिंथकरांच्या पत्रात ‘भाषा’ हा कर्ता असल्यामुळे मध्यम रूप साहजिकच येते. लूक ८:२४ मध्ये येशूने धमकावल्यावर वारा व लाटा थांबतात, तेथेही ‘एपाउसान्तो’ हे मध्यम रूपच आहे. थांबण्याचे बाह्य कारण त्याच वाक्यात सांगितलेले असल्याने, मध्यम रूपाचा अर्थ ‘आपोआप’ असा होतो असे म्हणता येत नाही. भाषा केव्हा व कशाने थांबतील याचा निर्णय परिच्छेदाच्या पुढील भागावरून करावा लागतो.

## मर्यादा

काही क्रियापदांत कर्तरी व मध्यम यांचा भेद पुसट झालेला दिसतो. आज्ञा पाळल्याचे सांगणारा श्रीमंत मनुष्य मार्क १०:२० मध्ये मध्यम रूप वापरतो, तर लूक १८:२१ मध्ये त्याच उत्तरात कर्तरी रूप आहे. अर्थ एकच राहतो. याकोब ४:२–३ मध्ये ‘मागणे’ या क्रियापदाची रूपे मध्यम, कर्तरी व पुन्हा मध्यम अशी लागोपाठ येतात. स्वार्थासाठी मागणे म्हणून मध्यम, असा खुलासा येथे सुचवला जातो. परंतु पहिले मध्यम रूप ज्या मागण्याच्या अभावाबद्दल दोष देते ते मागणे स्वार्थी नाही, त्यामुळे तो खुलासा पूर्णपणे लागू पडत नाही.

‘येणे’ (एर्खोमाइ), ‘स्वीकारणे’ (देखोमाइ) यांसारखी क्रियापदे वर्तमानकाळी मध्यम रूपातच आढळतात. रूप मध्यम पण अर्थ कर्तरी अशी त्यांची व्याख्या लॅटिन व्याकरणाच्या धर्तीवर केली जात असे. ए. टी. रॉबर्टसन यांनी १९१४ च्या आपल्या व्याकरणात या कल्पनेवर आक्षेप घेतला. अनेक आधुनिक अभ्यासकांच्या मते हालचाल, ग्रहण, भावना अशा क्रियांत कर्ता स्वतःच गुंतलेला असल्याने त्यांचे मध्यम रूप अर्थाला धरूनच आहे.

सर्वसाधारणपणे, त्याच क्रियापदाचे कर्तरी रूप त्याच काळात प्रचलित असेल आणि लेखक दोन्ही रूपे भेद राखून वापरत असेल, तेव्हाच मध्यम रूपावर विशेष अर्थाचा भार टाकणे योग्य ठरते.

## मराठी भाषांतर

पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि हे भाषांतर १९२४ मध्ये मुक्ती मिशनने प्रसिद्ध केले. सामान्य स्त्रियांना समजेल अशी साधी मराठी योजणे हा त्यांचा हेतू होता. मध्यम प्रयोगाच्या बाबतीत मराठी भाषांतरकारापुढे मुख्यतः तीन साधने असतात : ‘घेणे’ची जोड, ‘स्वतः’ वा ‘आपला’ हे शब्द, आणि ‘थांबणे–थांबवणे’ यांसारख्या अकर्मक व प्रयोजक जोड्या. यांपैकी कोणते योजावे हे प्रत्येक क्रियापदाच्या अर्थावरून ठरते.