कर्जामुळे कंपनीचे मूल्य वाढते का?

एखाद्या कारखान्याने सर्व भांडवल मालकांकडून उभारावे की त्यातील काही भाग बँकेकडून कर्जाऊ घ्यावा, हा व्यवसायातील जुना प्रश्न आहे. फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ साली त्याला अनपेक्षित उत्तर दिले. कर नसेल, दिवाळखोरीचा खर्च नसेल आणि सर्वांना एकाच दराने कर्ज मिळत असेल, तर कर्जाच्या प्रमाणामुळे कंपनीच्या एकूण मूल्यात फरक पडत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे मोदिग्लियानी यांना १९८५ मध्ये, तर मिलर यांना १९९० मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कापूस पिकवणाऱ्या अकोला जिल्ह्यातील हिवरखेड येथे दोन एकसारख्या जिनिंग-प्रेसिंग कंपन्या आहेत, अशी उदाहरणादाखल कल्पना करावी. दोघींकडे यंत्रे सारखी, रुईच्या गाठी सारख्या आणि व्याजापूर्वीचा वार्षिक नफाही सारखाच, एक कोटी रुपये. पहिलीवर कर्ज नाही आणि तिचे बाजारमूल्य दहा कोटी आहे. दुसरीवर ७ टक्के व्याजाचे चार कोटींचे कर्ज आहे. तिच्या भागधारकांना २८ लाख व्याज वजा जाता ७२ लाख उरतात.

समजा, कर्जाच्या आकर्षणापोटी बाजाराने दुसरीचे मूल्य अकरा कोटी धरले, म्हणजे तिचे समभाग सात कोटींचे झाले. त्यातील दहावा हिस्सा बाळगणाऱ्याला वर्षाला ७ लाख २० हजार रुपये मिळतात. त्याने तो ७० लाखांना विकावा, स्वतः ७ टक्क्यांनी ४० लाखांचे कर्ज काढावे आणि पहिल्या कंपनीचा दहावा हिस्सा एक कोटीला घ्यावा. त्याला दहा लाख नफा मिळेल. २ लाख ८० हजार व्याज गेले की हाती तेच ७ लाख २० हजार उरतील. जोखीमही तेवढीच, शिवाय दहा लाख रुपये खिशात शिल्लक. ही संधी दिसताच प्रत्येक जण दुसरीचे समभाग विकू लागेल आणि तिचे मूल्य दहा कोटींवर येऊन थांबेल. जे कर्ज भागधारक स्वतःच काढू शकतो, त्यासाठी तो कंपनीला जादा किंमत देत नाही, हा या सिद्धांताचा गाभा.

मग ‘कर्ज स्वस्त असते’ या समजुतीचे काय? दहा कोटींच्या मूल्यात चार कोटी कर्ज असेल, तर उरलेल्या सहा कोटींवर भागधारकांना ७२ लाख, म्हणजे १२ टक्के मिळतात. मात्र व्याज ठरलेले असल्याने मंदीचा सारा फटका त्यांनाच बसतो. हे दोन टक्के म्हणजे त्या वाढीव जोखमीचा मोबदला होय. दोन्ही घटकांची सरासरी पूर्वीइतकीच, १० टक्के राहते.

कर आला की चित्र पालटते. व्याज हा खर्च म्हणून करपात्र नफ्यातून वजा होतो. लाभांश होत नाही. २५ टक्के कर धरल्यास पहिली कंपनी २५ लाख भरते आणि भागधारकांना ७५ लाख उरतात. दुसरी ७२ लाखांवर १८ लाख भरते. भागधारक व धनको मिळून ८२ लाख नेतात. वाचलेले सात लाख सरकारच्या वाट्यातून आलेले असतात. कर्ज कायम राहणार असेल, तर ७ टक्के दराने या बचतीचे आजचे मूल्य एक कोटी, म्हणजेच कर्जाच्या २५ टक्के होते. या दोघांनी १९६३ साली आपल्या मूळ मांडणीत नेमकी हीच दुरुस्ती केली.

म्हणजे कर्ज जितके अधिक तितके चांगले, असे नव्हे. कपाशी बुडाली, गाठींचे भाव पडले आणि करपात्र नफाच उरला नाही, तर त्या वर्षी वजावट काहीच वाचवत नाही. हप्ता मात्र टळत नाही. धनकोला मिळणाऱ्या व्याजावर त्याला स्वतःला कर भरावा लागतो, त्यामुळे कंपनीचा फायदा अंशतः आटतो, हे मिलर यांनी १९७७ मध्ये दाखवले. कराचा दर उतरला तरी फायदा घटतो. काही सवलती सोडणाऱ्या देशी कंपन्यांना भारताने २०१९ मध्ये २२ टक्क्यांचा मूळ दर देऊ केला. अधिभार व उपकरासह तो सुमारे २५.१७ टक्के होतो.

भागीदारी संस्थेचे गणित आणखी वेगळे आहे. भागीदारी करारात तरतूद असल्यास भागीदारांच्या भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत दिलेले व्याजही संस्थेच्या नफ्यातून वजा होते आणि ते भागीदाराच्या उत्पन्नात करपात्र ठरते. म्हणजे तेथे मालकाच्या पैशालाही वजावट मिळते आणि केवळ कर वाचवण्यासाठी बँकेचे कर्ज घेण्याचे कारण बरेच दुबळे होते. कर्जाने यंत्रातून निघणारी रुई वाढत नाही. बदलते ती केवळ नफ्याची वाटणी, आणि मूल्य वाढते ते सरकारचा वाटा घटतो तेवढेच.