फॉलिक ॲसिड : गर्भधारणेआधी आणि पहिल्या तिमाहीत (डहाणू-तलासरी)

फॉलिक ॲसिड हे ब गटातील जीवनसत्त्व ब-९ चे गोळीतले रूप. पालेभाज्या आणि कडधान्यांत ते फोलेट या रूपात असते. नवीन पेशी तयार होताना तिच्यातील डीएनए घडवायला ते लागते, त्यामुळे जिथे पेशी झपाट्याने वाढतात तिथे त्याची टंचाई आधी जाणवते. या द्रव्याच्या शोधाची सुरुवात मुंबईची आहे. 1928 मध्ये लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली आणि कापड गिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांच्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो असे तिने 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक फोलेट होता, हे पुढे स्पष्ट झाले. बाळाच्या कण्याशी त्याचे नाते सिद्ध व्हायला मात्र आणखी साठ वर्षे गेली. 1991 मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांत केलेल्या चाचणीत, आधीचे मूल मज्जानलिकेच्या दोषासह जन्मलेल्या मातांना गर्भधारणेआधीपासून रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले. पुढच्या बाळात तोच दोष येण्याचे प्रमाण सुमारे 72 टक्क्यांनी घटले.

मज्जानलिका कधी मिटते. गर्भाच्या पाठीवर सुरुवातीला पेशींचा एक सपाट पट्टा असतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि जुळून नळी होते. हीच मज्जानलिका. तिच्यापासून वर मेंदू आणि खाली मज्जारज्जू घडतो. डोक्याकडचे तोंड गर्भधारणेनंतर साधारण पंचविसाव्या दिवशी आणि शेपटाकडचे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. वरचे टोक उघडे राहिले तर कवटी आणि मेंदू नीट बनत नाहीत, आणि असे बाळ जगत नाही. खालचे टोक उघडे राहिले तर कण्याचे मणके मागे जुळत नाहीत. यालाच स्पायना बायफिडा, म्हणजे दुभंगलेला कणा म्हणतात. अशा बाळाच्या पाठीवर पाण्याची पिशवी दिसते, पायांत बळ नसते, लघवी-शौचावर ताबा राहत नाही आणि पुष्कळदा डोक्यात पाणी साठते. अठ्ठाविसाव्या दिवसानंतर कितीही गोळ्या घेतल्या तरी राहिलेली फट मिटत नाही.

तारखांनी हे अधिक उलगडते. समजा, शेवटची पाळी 1 मार्चला आली. गर्भ राहण्याचा दिवस साधारण 15 मार्च. पाळी चुकल्याचे 29 मार्चला कळते. नळी मिटण्याचे काम 12 एप्रिलच्या सुमारास पूर्ण होते. म्हणजे आशाताईंकडच्या पट्टीवर पाळी चुकली त्याच दिवशी तपासणी केली तरी हाती दोनच आठवडे उरतात, आणि आठवडाभर वाट पाहिली तर एक. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली की ती वेळेवर झाली असे धरतात, पण या स्त्रीचे बारा आठवडे 24 मे रोजी भरतात. नोंदणी वेळेवर होऊनही कण्याच्या दृष्टीने सहा आठवड्यांचा उशीर झालेला असू शकतो.

डहाणू आणि तलासरीत हा उशीर ऋतूशी जोडलेला आहे. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की अनेक वारली, कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर किंवा सीमेपलीकडे गुजरातेत कामाला जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वरच्या उदाहरणातला मार्च-एप्रिल नेमका भट्टीवर जातो, गावच्या उपकेंद्रापासून दूर. शिवाय खर्चाअभावी लग्नाचे विधी पुढे ढकलून एकत्र राहणारी जोडपी वारली समाजात नवलाची नाहीत, त्यामुळे ‘लग्न झाले की गोळी सुरू’ हा नियम इथे पुरत नाही. गरोदर मातांच्या नोंदवहीपेक्षा पात्र जोडप्यांची नोंदवही या गोळीसाठी अधिक उपयोगाची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. मूल हवे असलेल्या स्त्रीला स्थलांतराआधीच, दिवाळीच्या सुमारास, पूर्ण हंगामाच्या गोळ्या मिळायला हव्यात.

मात्रा. मूल हवे असे ठरल्यापासून गरोदरपणाचे बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज 400 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.4 मिलिग्रॅम, ही नेहमीची मात्रा. केंद्र सरकारच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमातही हीच सांगितली आहे. रक्तपेशींतला साठा पुरेसा व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून निदान एक महिना आणि जमल्यास तीन महिने आधी सुरुवात करावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच गोळी घ्यावी.

इथे एक गफलत वारंवार होते. गरोदरपणात मिळणाऱ्या लोह-फॉलिक ॲसिडच्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती रक्तक्षयासाठी आहे आणि चौथ्या महिन्यापासून रोज दिली जाते. तेव्हा कणा केव्हाच मिटलेला असतो. किशोरींना मिळणारी निळी गोळीही याच ताकदीची, पण आठवड्यातून एकदा घ्यायची. रोज 400 धरले तर आठवड्याला 2800 मायक्रोग्रॅम होतात. आठवड्याची एक निळी गोळी त्यातले 500 च देते. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याच्या गोळीसाठी 2.8 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड सुचवले आहे, ते याच हिशेबाने. म्हणून ‘मी शाळेत असल्यापासून गोळी घेते’ असे सांगणारी मुलगीही कण्यापुरती सुरक्षित धरता येत नाही.

शेवगा, माठ, चवळीचा पाला, तूर, वाल यांतून फोलेट मिळते. पण ते उष्णतेने नासते आणि भाजी उकडून पाणी ओतून दिले की त्याबरोबर जाते. आहार चांगला असला तरी या काळात गोळीची जागा तो घेत नाही.

कोणाला जास्त मात्रा. आधीचे मूल किंवा गर्भ मज्जानलिकेच्या दोषाचा असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज 5 मिलिग्रॅमची गोळी देतात. सिकलसेल आजार या पट्ट्यातील आदिवासी समाजांत आढळतो. तो आजार असलेल्या स्त्रीच्या तांबड्या पेशी सतत तुटतात आणि नव्या घडवण्यात फोलेट खर्ची पडते, म्हणून तिलाही हीच मोठी मात्रा लागते. केवळ वाहक असणाऱ्या स्त्रीला ती आपोआप लागू होत नाही. मधुमेह असेल किंवा फिट्सवर व्हॅल्प्रोएट चालू असेल, तरी गर्भ राहण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. फिट्सचे औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. इतर स्त्रियांनी दुकानात सहज मिळते म्हणून 5 मिलिग्रॅमची गोळी घेऊ नये. ब-१२ कमी असेल तर मोठ्या मात्रेने रक्तातली खूण झाकली जाते आणि नसांची हानी आतून चालू राहते.

मर्यादा आणि निदान. वेळेवर गोळी घेऊनही काही बाळांत हा दोष येतो, कारण काही प्रकार आनुवंशिक असतात, तर काहींमागे मधुमेह किंवा औषधे असतात. म्हणून सोनोग्राफी टाळू नये. कवटीचा दोष अकरा ते चौदा आठवड्यांच्या तपासणीत दिसू शकतो, कण्याचा बहुधा अठरा ते वीस आठवड्यांच्या. जन्मानंतर पाठीवर पिशवी आढळली तर ती दाबू वा फोडू नये, राख-हळद लावू नये. निर्जंतुक, ओलसर कापडाने झाकून बाळाला कुशीवर किंवा पालथे ठेवावे आणि ताबडतोब बालशल्यचिकित्सेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. त्याच वेळी आईच्या कागदावर हा दोष स्पष्ट लिहून घ्यावा. पुढच्या खेपेला 5 मिलिग्रॅमची गोळी गर्भ राहण्याआधीच सुरू करायची की नाही, हे भट्टीवरच्या अनोळखी दवाखान्यातही त्या नोंदीवरून कळते.