पिशवीतली चिठ्ठी

श्रोतेहो, अलीकडे लग्नाहून निघताना यजमान आपल्या हाती एक लहानशी पिशवी देतात. तिच्यात स्टीलचा डबा असतो, एखादं रोप असतं, नाहीतर लाडूची पुडी. याला आता सगळेच ‘रिटर्न गिफ्ट’ म्हणतात. घरी येऊन पिशवी उघडली की तळाशी एक चिठ्ठी सापडते. ‘आपण आलात, आम्हाला फार आनंद झाला’ असा मजकूर आणि खाली वधूवरांची नावं. आपण ती वाचतो आणि बाजूला ठेवतो. पण जालना जिल्ह्यासारख्या भागातल्या लग्नांचा इतिहास डोळ्यांपुढे आणला, तर या चार ओळींत एक नवीच गोष्ट घडलेली दिसते. ज्यांचं लग्न, ते स्वतः बोलू लागले आहेत.

आपल्या जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म तिथला, 1608 सालचा. परंपरेने चालत आलेली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. आईच्या आग्रहाखातर मुलगा बोहल्यावर उभा राहिला आणि ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच मांडवातून पळाला. गोष्ट वैराग्याची म्हणून सांगितली जाते. पण ती दुसऱ्या बाजूनेही ऐकता येते. मांडवात भटजी बोलतात, मामा बोलतात, वऱ्हाडी बोलतात. नवऱ्या मुलाला आपलं म्हणणं मांडायला जागाच नाही. त्याला जे सांगायचं होतं ते त्याने पायांनी सांगितलं. नवरीला तर तीही सोय नव्हती.

याचं साधं कारण वय हे होतं. जोतीराव फुले यांचं लग्न 1840 साली झालं, तेव्हा सावित्रीबाई नऊ वर्षांच्या होत्या. इतक्या लहान मुलांनी पाहुण्यांना काय लिहायचं? मुलींचं लग्नाचं किमान वय 14 आणि मुलांचं 18 ठरवणारा कायदा 1929 साली झाला, पण तो ब्रिटिश हिंदुस्थानाचा. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि 1948 पर्यंत तिथेच राहिलं. मुलीसाठी 18 आणि मुलासाठी 21 ही मर्यादा आली ती 1978 साली. चिठ्ठीखाली दोन सह्या यायच्या, तर आधी सही करणारी माणसं मोठी झालेली हवीत आणि दोघांनाही लिहिता यायला हवं.

वधूवरांना मांडवात बोलतं करण्याचा पहिला मोठा प्रयत्न जोतीरावांनीच केला. सत्यशोधक समाज स्थापन झाला त्याच वर्षी, 25 डिसेंबर 1873 रोजी, पुण्यात सीताराम आल्हाट आणि राधा यांचा विवाह भटजीवाचून लागला. पुढे 1887 साली जोतीरावांची पूजाविधींची पुस्तिका निघाली. तिच्यातल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर आळीपाळीने बोलतात. वधू स्त्रियांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न विचारते आणि वर त्याला सर्वांसमक्ष उत्तर देतो. जमलेली मंडळी इथे नुसती जेवायला आलेली नाहीत, ती साक्षीदार आहेत.

आपल्याकडच्या सर्वसाधारण लग्नांत मात्र बोलणारा घरचा कर्ताच राहिला. पत्रिका पाहा. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ यातला ‘आमचे’ म्हणजे कोणाचे? आजोबांचे, वडिलांचे, चुलत्यांचे. खाली विनीत म्हणून भाऊबंदांची रांग. वधू ‘चि. सौ. कां.’ म्हणून मधोमध असते, पण तिच्याविषयी सांगितलेलं असतं, ती काही सांगत नाही. पुढे पत्रिकेच्या कोपऱ्यात ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ असं भाचरं बोलू लागली. म्हणजे पत्रिकेत चार वर्षांच्या मुलाला आवाज मिळाला तो वधूवरांच्या आधी!

दुसरा कागद आहेराच्या वहीचा. मांडवाच्या कडेला एक जाणता माणूस वही घेऊन बसतो. नाव, गाव आणि आहेर असे तीन रकाने. कोणी 51 रुपये, कोणी टॉवेल-टोपी, कोणी साडी. बाई आहेर घेऊन आली तरी नाव बहुधा नवऱ्याचं लिहिलं जातं. ही वही जपून ठेवतात, कारण उद्या त्या घरी कार्य निघालं की वही पाहून, त्यात थोडी भर घालून आहेर परत करायचा असतो. म्हणून जुन्या व्यवहारात आभाराला जागा नव्हती. ‘आभार’ या शब्दातच ‘भार’ आहे. तो शब्दांनी उतरवायचा नसतो, त्यांच्या दारी जाऊन उतरवायचा असतो.

हा पेच मी अंबड तालुक्यातल्या एका परिचिताच्या घरी जवळून पाहिला. मुलगा-मुलगी दोघं शिकलेली. पिशवीत चिठ्ठी घालायची असं त्यांनी ठरवलं. छापखान्याने तयार मजकूर दाखवला: ‘आपल्या उपस्थितीने सोहळ्याची शोभा वाढली.’ मुलगी म्हणाली, “अजून लग्नच झालं नाही, शोभा वाढली हे आत्ताच कसं लिहायचं?” तिचं खरं होतं. ही चिठ्ठी आठ दिवस आधी छापतात आणि झालेल्या गोष्टीसारखी लिहितात. म्हणूनच बहुतेक चिठ्ठ्या एकीसारखी दुसरी असतात. आधीच ठाऊक असलेलं तेवढंच खरेपणाने लिहिता येतं. लग्न वैशाखात होतं, लोक उन्हातून येणार होते, शेजारच्या घरांनी पाहुण्यांच्या मुक्कामाला खोल्या दिल्या होत्या. एवढं त्यांनी लिहिलं. एका मोठ्या कागदाचे आठ तुकडे, असे पन्नास कागद. घरटी एक पिशवी या हिशेबाने चारशे चिठ्ठ्या पुरल्या.

मग नावाचा प्रश्न आला. त्या घरात सुनेचं नाव बदलायची रीत होती. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवं नाव लिहायचं. पण चिठ्ठी तर त्याआधीच छापायची. कोणतं नाव घालायचं? मुलीने आपलं माहेरचंच नाव घातलं. “तिकडची माणसं मला याच नावाने ओळखतात,” एवढंच ती म्हणाली. पुढे तांदळाचं ताट आलं, तेव्हा तेच नाव पुन्हा लिहिलं गेलं. चारशे घरी गेलेलं नाव बदलायचं कसं?

आजोबांची हरकत वेगळी होती. “आभार मानले की खातं मिटलं. मग जाणं-येणं कशाला ऱ्हायचं?” मुलांना ही हरकत आधी जुनाट वाटली. पण म्हाताऱ्याच्या बोलण्यात आहेराच्या वहीचं सगळं शहाणपण होतं. शेवटी चिठ्ठीतून ‘आभार’ शब्द गाळला. शेवटची ओळ अशी झाली: ‘तुम्ही आमच्या दारी आलात, आता आम्ही दोघं तुमच्या दारी येऊ.’

श्रोतेहो, त्या वर्षभरात ती दोघं किती दारी गेली याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. आमच्या दारी मात्र आली. सुनेने आमच्या सौभाग्यवतींना नावाने ओळखलं आणि म्हणाली, “आहेर तुम्ही केला होता ना काकू? वहीत काकांचं नाव आहे.”

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)