अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या शाळेला पत्र: त्यात नेमकं काय लिहावं?

छत्रपती संभाजीनगरच्या शाळेत डबे वाटून खाल्ले जाणारच. म्हणून पत्रात नुसतं 'शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी' लिहून भागत नाही. कूट घातलेली साबुदाणा खिचडी, कोशिंबीर, चिक्की अशी पदार्थांची नावंच लिहावीत.

नुसतं अंगावर पित्त उठलं, तर डॉक्टरांनी दिलेलं सेट्रिझिन. पण घरघर, आवाज बसणं किंवा भोवळ दिसली, तर ते पुरत नाही. तेव्हा मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. मात्रा डॉक्टरांनीच पत्रावर लिहून द्यावी. 20 किलोच्या मुलासाठी ती साधारण 0.2 मिलिग्रॅम असते.

आपल्याकडे तयार ऑटो-इंजेक्टर सहज मिळत नाही. त्यामुळे अँप्यूल फोडून सिरिंज कोण भरणार, त्या प्रशिक्षित व्यक्तीचं नाव पत्रात हवंच. इंजेक्शन दिलं तरी 108 ला फोन करायचा. मुलाला आडवं ठेवायचं, धाप असेल तर बसवायचं. चालवत न्यायचं नाही.