मा., मे. आणि महोदय

एक मेल समोर ठेवू. पुणे जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने तो तहसीलदारांसाठी लिहिला आहे, असे समजा. ‘हाय मॅडम, गुड मॉर्निंग. आमच्या सातबाऱ्यावर वडिलांचे नाव चुकलेय, सखारामचे सीताराम झालेय. जरा बघा ना प्लीज. थँक्यू.’ मुलगा उद्धट नाही. त्याने प्लीज म्हटले आहे, आभारही मानले आहेत. चुकला आहे तो मायना. आपण कोण, समोरचा कोण आणि कोणत्या नात्याने बोलतो आहोत, हे पत्राने पहिल्या ओळीत सांगायचे असते. ते इथे राहून गेले आहे.

‘मायना’ हा शब्दच हे काम सांगतो. मुळात तो अरबी, अर्थ या अर्थाचा. हिंदीतला ‘माने’ त्याच घरचा. मराठीत येऊन तो पत्राच्या आरंभीच्या संबोधनाला चिकटला. जुन्या दफ्तरांत मायन्यावरून लिहिणाऱ्याची पायरी लगेच कळते. धन्याला लिहिताना ‘विज्ञापना’, बरोबरीच्याला ‘विनंती’, हाताखालच्याला ‘आज्ञा’. कारकुनाला ही उतरंड पाठ असावी लागे.

यातली गंमत अशी, की विज्ञापना आणि विनंती ही एकाच कुळातली भावंडे आहेत. संस्कृत ‘विज्ञप्ती’ प्राकृतातून झिजत झिजत ‘विनंती’ झाली. मूळ अर्थ ‘कळवणे’, मागणे नव्हे. म्हणून ‘स. न. वि. वि.’ म्हणजे ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ याचा रोख ‘नमस्कार, आता कळवायचे ते असे’ असा आहे. ‘वि. वि.’ लिहिले की पुढचा शब्द मुद्द्याचाच हवा. आपण मात्र त्यानंतर ‘पत्र लिहिण्यास कारण की’ असे पुन्हा दार उघडतो. शिवाय ‘सप्रेम’ हा ओळखीच्या माणसांतला शब्द. मंडळाच्या अध्यक्षांना, परिचित प्राचार्यांना तो शोभतो. ज्यांना आपण कधी भेटलो नाही त्या तहसीलदारांना अर्ज करताना नको. तिथे ‘महोदय’ किंवा ‘महोदया’ पुरते.

आता वरचे संबोधन. पुष्कळजण आदर कमी पडू नये म्हणून ‘मा. श्री. तहसीलदार साहेब’ असे लिहितात. एका पदावर तीन मानाचे शब्द. यातला ‘श्री.’ व्यक्तीच्या नावाचा आहे, पदाचा नाही. नाव नसेल तर तो काढावा. ‘साहेब’ बोलण्यातला आहे. त्याला इतिहास मोठा आहे: अरबीत त्याचा अर्थ सोबती, आणि मालकही. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेल्या पत्रात महाराजांचा उल्लेखच ‘साहेब’ असा येतो. म्हणजे तिथे तो राज्याच्या धन्याचा शब्द आहे. पुढे इंग्रज अंमलदार साहेब झाले आणि त्यांच्यामागून त्यांची खुर्ची. आज कार्यालयात उभे राहून ‘साहेब’ म्हणण्यात काही वावगे नाही, पण अर्जात नागरिक धन्याला लिहीत नसतो. ‘मा. तहसीलदार’ एवढे पुरे. तहसीलदारांचे नाव माहीत असले तरी अर्जावर पदच लिहावे, कारण बदली माणसाची होते. अर्ज ज्याच्याकडे जायचा ते पद तिथेच राहते.

‘मा.’ हे संक्षिप्त रूप मात्र जपून वापरावे. ‘मा. सरपंच’ म्हणजे माननीय की माजी, हे निमंत्रणपत्रिकेवरून कळत नाही. ज्यांची मुदत संपली त्यांना ‘माजी’ पूर्ण लिहावे. ‘मे.’ची तऱ्हा आणखी वेगळी. न्यायालयाच्या कागदावर ‘मे. दिवाणी न्यायाधीश यांचे न्यायालयात’ असे असते, ते फारसी ‘मेहेरबान’चे, आणि दुकानाच्या बिलावर ‘मे. अमुक आणि कंपनी’ असते, ते ‘मेसर्स’चे. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. म्हणून ‘मे. तहसीलदार’ दिसले, तर कुणीतरी न्यायालयाचा नमुना समोर ठेवून उतरवले असावे, असे समजायला हरकत नाही.

अधिकारी स्त्री असेल तर आणखी एक पेच. नावाआधी ‘सौ.’ लिहावे का? मला ते पत्रव्यवहारात मुळीच पटत नाही. ‘सौभाग्यवती’ हा शब्द बाईचा नवरा हयात असल्याचे सांगतो, आणि सातबाऱ्याच्या दुरुस्तीशी त्याचा काय संबंध? उलट ‘श्रीमती’ लिहायला लोक कचरतात, कारण मराठी घरांत तो विधवेशी जोडला गेला. पण शब्दाची घडण पाहा: श्री जिच्यापाशी आहे ती श्रीमती. त्यात नवऱ्याचा उल्लेखच नाही. सरकारी पत्रांत तो विवाहित, अविवाहित सर्वच स्त्रियांसाठी चालतो आणि तेच योग्य आहे. अधिकारी पुरुष की स्त्री हे ठाऊक नसेल, तर ‘महोदय/महोदया’ असे दोन्ही लिहावे.

आता तो मेल असा होईल:

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, जुन्नर.

विषय: सातबाऱ्यावरील वडिलांच्या नावात दुरुस्ती करण्याबाबत.

महोदया,
आमच्या शेतजमिनीच्या संगणकीकृत सातबाऱ्यावर माझ्या वडिलांचे नाव ‘सखाराम’ऐवजी ‘सीताराम’ असे आले आहे. मूळ फेरफारात व जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर ते ‘सखाराम’ असेच आहे. दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये ही लेखनातील चूक दुरुस्त करावी, ही विनंती.

खाली गाव, गट क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि ‘अर्जदार’ म्हणून नाव.

‘जरा बघा ना’ गेले, तरी विनवणी कमी झाली नाही. ती ‘ही विनंती’ या दोन शब्दांत आली. ‘गुड मॉर्निंग’ला जागाच नको, कारण हे पत्र सकाळी उघडले जाईल की चार दिवसांनी, हे कुणाला माहीत?

शेवटच्या ओळीतही नाते बोलते. ‘आपला आज्ञाधारक’ हे नोकराने वरिष्ठाला किंवा विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांना लिहायचे. नागरिक तहसीलदाराच्या आज्ञेत नसतो. त्याला ‘आपला विश्वासू’ किंवा नुसते ‘अर्जदार’ ठीक. ‘लोभ असावा’ हे तर अगदीच टाळावे. संस्कृतात लोभ म्हणजे हाव. मराठीने त्या शब्दाला माया दिली आणि पत्रांच्या शेवटी बसवले. नातेवाइकांच्या पत्रांत तो गोड वाटतो. पण ज्या अधिकाऱ्याने नोंद नियमाने दुरुस्त करायची, त्याच्याकडे लोभ मागितला तर अर्जाचे रूप बदलते. हक्काचे काम मर्जीवर सोपवल्यासारखे होते.

एकाच ठिकाणी सारे नियम सैल होतात: अर्धशासकीय पत्रात. एक अधिकारी दुसऱ्याला नावानिशी, स्वतःच्या सहीने लिहितो तेव्हा ‘प्रिय श्री. अमुक’ असा मायना चालतो आणि शेवटी ‘आपला’ एवढेच. तिथे पदाआड न राहता माणूस माणसाला लिहीत असतो. पण ती मुभा बरोबरीच्यांची किंवा वरून खाली लिहिणाऱ्यांची. कनिष्ठाने वरिष्ठाला असे पत्र लिहायचे झाले तर ‘प्रिय’च्या जागी ‘आदरणीय महोदय’ येते, आणि नाव फक्त पत्त्यात राहते.