'सा' म्हणजे 'दो' नव्हे

शाळेतल्या संगीताच्या तासाला आपल्याला एक सोपं कोष्टक सांगितलं जातं. आपलं सा रे ग म प ध नी म्हणजे त्यांचं दो रे मी फा सोल ला सी. दोन्हीकडे सात स्वर, दोन्हीकडे दुसरा 'रे', त्यामुळे ते पटतंही. पण हे कोष्टक घेऊन १९५०च्या आसपास मुंबईतल्या एखाद्या रेकॉर्डिंग स्टुडिओत गेलं असतं, तर पहिल्याच गाण्याला घोटाळा झाला असता.

त्या काळच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना 'सोल्फेजो' शिकवत, म्हणजे लिहिलेले स्वर पाहून त्यांची नावं घेत गायचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतून १९४३ साली मुंबईत आले. व्हायोलिन वाजवणं, शिकवणं आणि वाद्यवृंदासाठी स्वर लिहिणं हे त्यांचं काम. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हेच लिहिण्याचं काम करत. संगीतकार चाल गाऊन किंवा पेटीवर वाजवून दाखवायचा. अरेंजर ती कागदावर उतरवायचा, म्हणजे समोरचे वादक ती एकत्र वाजवू शकत.

आता अडचण बघा. आपला 'सा' कुठेही बसतो. गायक आपल्या गळ्याला सोसेल ती पट्टी घेतो आणि तिथे जो स्वर असेल तो त्याचा सा. पोर्तुगीज पद्धतीतला 'दो' मात्र जागचा हलत नाही. पेटीवरची पांढरी एक म्हणजे दो, मग गाणं कुठल्याही पट्टीत असो. म्हणजे सा हे नात्याचं नाव आहे, जसं 'मामा'. प्रत्येकाचा मामा वेगळा. दो हे घराच्या पत्त्यासारखं आहे.

एक उदाहरण करून पाहू. भूप घ्या: सा रे ग प ध. सा पांढरी एकवर धरला तर गोव्याचा वादक लिहील दो रे मी सोल ला. इथे शाळेतलं कोष्टक अगदी बरोबर येतं. आता तोच भूप पांढरी चारवर गा. कागदावर येईल फा सोल ला दो रे. पांढरी पाचवर गायलात तर सोल ला सी रे मी. ऐकणाऱ्याला तिन्ही वेळा भूपच ऐकू येतो, पण वादकाच्या कागदावर तीन वेगळ्या ओळी असतात.

कोमल स्वरांत तर फसगत आणखी सोपी. त्यांचा 'बेमोल' म्हणजे आपला कोमल असं वाटतं. पण सा पांढरी दोनवर धरा. रे पांढरी तीनवर येतो आणि कोमल ग पांढरी चारवर, म्हणजे साधा 'फा'. बेमोलचा पत्ताच नाही! उलट शुद्ध ग काळी तीनवर जातो आणि कागदावर त्याच्यापुढे चढं चिन्ह लागतं. 'शुद्ध' स्वराला चिन्ह आणि 'कोमल' स्वर कोरा. पटत नसेल तर फोनवरच्या कीबोर्डवर मोजा. सापासून तिसरी पट्टी (काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजून) कोमल ग, चौथी शुद्ध ग. नाव काहीही असो, ही मोजणी चुकत नाही.

दोन्हीकडचा 'रे' हाही निव्वळ योगायोग आहे. आपला रे ऋषभातून आला. त्यांचा आला अकराव्या शतकात इटलीतल्या आरेत्सोच्या ग्विदो या संन्याशाकडून. पोरांना स्वर लवकर पाठ व्हावेत म्हणून त्याने एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींची पहिली अक्षरं घेतली. त्यातल्या पहिल्या 'उत'चा पुढे दो झाला आणि सी नंतर जोडला गेला. गंमत म्हणजे ग्विदोच्या परंपरेत हा पहिला स्वर आपल्या सासारखाच वेगवेगळ्या जागी बसत असे. फ्रान्स, इटली, पोर्तुगालमध्ये तो पुढे एका जागी पक्का झाला. इंग्लंडमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन यांनी हलणाऱ्या 'डो'ची पद्धत पसरवली. त्यामुळे शाळेतलं कोष्टक कर्वेनच्या डोला चालतं, गोव्याच्या दोला नाही.

मग गोव्याच्या दोला मराठीत काय म्हणायचं? उत्तर आपल्या पेटीवाल्यांकडे आधीपासून आहे. 'काळी चारमध्ये गाते' असं आपण म्हणतो, तेव्हा काळी चार हा पत्ता असतो आणि सा हे नातं. पेटी युरोपातून आली आणि आपण तिच्या पट्ट्यांना नंबर देऊन टाकले. 'पांढरी एक' हाच त्यांचा दो.

गोन्साल्विस यांनी ही दोन्ही नावं एकत्र नांदवायचा प्रयत्न केला. १९५८ साली त्यांनी मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि रागांवर बेतलेल्या रचना लिहून वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांत यांच्यासोबत 'अमर अकबर अँथनी'ला (१९७७) संगीत दिलं. त्यातल्या गाण्यात जो अँथनी गोन्साल्विस आहे, ते नाव या गुरूचं.