गाडीतील हॉटस्पॉट

स्वतःचे सिम असलेल्या गाडीतून मोबाइलला इंटरनेट पुरवणारी वाय-फाय सोय. हे सिम बहुधा टेलिमॅटिक्स यंत्रात कायमचे बसवलेले ई-सिम असते. गाडीचे ठिकाण कळवणे, अपघातात मदत मागणे ही कामे त्यावरच चालतात. हॉटस्पॉटचा डेटा प्लॅन मात्र अनेकदा वेगळा घ्यावा लागतो.

फोन गाडीशी जोडला म्हणजे गाडीचाच डेटा वापरला जातो, हा सार्वत्रिक गैरसमज. ब्लूटूथवरून कॉल वा गाणी ऐकताना फोनचेच सिम खर्ची पडते. वायरलेस अँड्रॉइड ऑटो वाय-फायने चालते, तरी नकाशे सहसा फोनच्याच डेटावर येतात. पडद्यावरचे हॉटस्पॉटचे नाव निवडून पासवर्ड टाकला, तरच गाडीचा प्लॅन वापरात येतो.

सेकंदाला १६० किलोबिटने तीन तास गाणी ऐकली, तर सुमारे २१६ एमबी लागतात. खरा खादाड वेगळाच: फोन हॉटस्पॉटला घरचे वाय-फाय समजून फोटोंचा बॅकअप सुरू करतो. तीन एमबीचे २०० फोटो म्हणजे ६०० एमबी. म्हणून फोनमध्ये हे नेटवर्क ‘मीटर्ड’ ठरवावे. प्लॅन संपल्यावर वाय-फायचे चिन्ह दिसतच राहते, पाने मात्र उघडत नाहीत.